भाषणाचे शेवटचे वाक्य आणि पाण्याचे पिंप

नभोवाणीवरील आरोग्यविषयक भाषणांचा शेवट पुष्कळदा एकाच साच्यातून निघालेला असतो. "तेव्हा श्रोतेहो, आपला परिसर स्वच्छ ठेवण्याचा आपण सर्वजण निर्धार करू या." वाक्य कानाला गोड लागते, परंतु ते ऐकून जागचे कोणी उठत नाही. उठून नेमके काय करावयाचे, हे त्यात सांगितलेलेच नसते. श्रोत्याने त्याच दिवशी काही करावे, असे वाटत असेल तर शेवटचे आवाहन कसे लिहावे, हे डेंग्यूच्या उदाहरणावरून पाहू.

आवाहनाची कृती विषयाच्या कारणातून निघाली पाहिजे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो. ती भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटून राहतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. पण कोरड्या भिंतीवर हीच अंडी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे होत नाही. भिंत घासली पाहिजे. आपल्या आवाहनाचे क्रियापद येथेच सापडले: "घासा".

आता श्रोत्याची अडचण पाहावयाची. ज्या गावी नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येते, तेथील गृहिणीस "पिंप रिकामे करा" असे सांगितले, तर ती ते कदापि करणार नाही. आणि न करण्यात तिचे काही चुकतही नाही. भरलेले पिंप हलविणे तिच्या शक्तीबाहेरचे, आणि पाणी फेकणे परवडणारे नव्हे. तेव्हा आज, पाणी न दवडता, एकट्या माणसाला घासता येईल असे भांडे कोणते? ज्यात सर्वांत कमी पाणी उरले आहे ते. असे एखादे भांडे बहुतेक प्रत्येक घरात असतेच.

यानंतर वेळ. "लवकरात लवकर" ही वेळ नव्हे. भाषण संध्याकाळी व्हावयाचे असेल, तर "निजण्यापूर्वी" ही वेळ श्रोत्याच्या दिनक्रमात आधीच ठरलेली आहे. त्या वेळी दुकाने आणि कचेऱ्या बंद असतात. म्हणून विकत आणावयाच्या वस्तूचा किंवा अर्ज करण्याचा उल्लेख आवाहनात येऊ नये. शेवटी, काम पुरे झाले हे श्रोत्याचे त्यालाच कळेल अशी खूण द्यावी. एवढे जुळवून लिहिलेले आवाहन असे होईल:

"आज रात्री निजण्यापूर्वी एकच काम करा. घरात ज्या पिंपात किंवा बादलीत सर्वांत कमी पाणी उरले असेल, ते पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. फडके बाहेर कोरड्या मातीवर झटका. मग रिकाम्या भांड्याची आतली बाजू काठापासून तळापर्यंत काथ्याने घासा. धुवण मातीवर ओता. आतून बोट फिरवा; कोठे बुळबुळीत लागले नाही, म्हणजे काम झाले. सर्वांत कमी पाण्याचे भांडे, आज रात्री."

बोटाची खूण म्हणजे अंडी गेल्याचा पुरावा नव्हे. ती फार बारीक असतात. घासणी सगळीकडे फिरली, एवढेच त्यावरून कळते. एक भांडे घासल्याने डास संपत नाहीत, हेही खरे. म्हणून उरलेली भांडी जसजशी रिती होतील तसतशी घासावीत आणि दर आठवड्याचा एक वार त्यासाठी ठरवावा, हे भाषणाच्या मध्यभागी सांगून ठेवावे. आवाहनात मात्र ते आणू नये. छापील मजकूर मागे वळून वाचता येतो. ऐकलेले वाक्य निसटते, आणि श्रोत्याच्या हाती पेन्सिल नसते. कारणे, आकडे, दूरध्वनीचे क्रमांक शेवटी घातले, की कृती त्यांच्याखाली दडपून जाते. आवाहनानंतर सारांश किंवा आभारही नकोत.

लिहून झाल्यावर पारख करावी. भाषण न ऐकलेल्या घरच्या माणसाला आवाहन एकदाच, नेहमीच्या गतीने वाचून दाखवावे. दहा मिनिटांनी विचारावे, "तुम्ही काय कराल?" भांडे आणि वेळ ही दोन्ही उत्तरात आली, तर मजकूर तयार झाला. "कोणते पिंप?" असा उलट प्रश्न आला, तर नाम मोघम राहिले आहे. "स्वच्छता राखीन" असे उत्तर आले, तर आपल्या वाक्यात कृतीऐवजी उपदेशच उरला आहे असे समजावे, आणि क्रियापदापासून पुन्हा लिहावयास बसावे.