ईसा इब्न मर्यम आणि येशू ख्रिस्त : समान शब्द, भिन्न अर्थ

जेरुसलेमच्या जुन्या नगरात एकमेकींपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर दोन वास्तू उभ्या आहेत. पश्चिमेकडील वास्तू ख्रिस्ती परंपरेनुसार येशूला जेथे क्रुसावर खिळले आणि जेथे त्याची कबर होती त्या स्थळी बांधलेली आहे. पूर्वेकडील वास्तू म्हणजे सोनेरी घुमटाचे ‘कुब्बत अस्-सखरा’. उमय्या घराण्यातील खलिफा अब्द अल्-मलिक याच्या काळातील ही वास्तू हिजरी ७२, म्हणजे इ. स. ६९१-९२ या वर्षाची आहे. तिच्या आतील अष्टकोनी कमानींच्या वरच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत एक दीर्घ लेख आहे. त्या लेखात ज्याच्याविषयी सर्वांत विस्ताराने लिहिले आहे, तो येशू आहे. इस्लामी वास्तुकलेतील इतक्या आरंभीच्या इमारतीवर ख्रिस्ताविषयी एवढा मजकूर असावा याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. प्रस्तुत घटकात आपण त्या लेखाच्या आधारे इस्लाम येशू आणि मरिया यांच्याकडे कसे पाहतो, आणि ख्रिस्ती दृष्टीपासून तो नेमका कोठे वेगळा होतो, हे समजून घेणार आहोत.

लेखाचा मुख्य भाग कुराणातील चौथ्या आणि एकोणिसाव्या सूरेतून घेतलेला आहे. त्याचा आशय असा : ग्रंथधारकांनी आपल्या धर्मात अतिरेक करू नये, मर्यमचा पुत्र मसीह ईसा हा अल्लाहचा प्रेषित आहे, मर्यमकडे पाठविलेला त्याचा शब्द आहे आणि त्याच्याकडून आलेला आत्मा आहे, मात्र ‘तीन’ असे म्हणू नये, कारण ईश्वर एकच आहे आणि त्याला पुत्र असणे त्याच्या थोरवीला शोभत नाही. या मजकुरात गौरव आणि निषेध एकाच दमात आले आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. मसीह, ईश्वराचा शब्द, ईश्वराकडून आलेला आत्मा ही तिन्ही विशेषणे ख्रिस्ती माणसाला परिचित आहेत. किंबहुना आपल्याच धर्माची भाषा वाचत असल्याचा भास त्याला व्हावा. परंतु शब्द तेच असले तरी त्यांमागील अर्थव्यवस्था निराळी आहे, आणि सामान्य वाचकाची फसगत होते ती येथेच.

प्रथम नावच पाहू. अरबी समाजात मनुष्याची ओळख सामान्यतः पित्याच्या नावाने होते : अमुक ‘इब्न’ तमुक. ईसाला मात्र कुराण बहुतेक ठिकाणी ‘इब्न मर्यम’, म्हणजे मर्यमचा पुत्र, असे संबोधते. या मातृनामामागे दोन विधाने आहेत. ईसाला मानवी पिता नाही, म्हणजेच कुमारीजन्माची कथा मान्य आहे, हे पहिले विधान. दुसरे असे की, पित्याच्या नावाची रिकामी राहिलेली जागा ईश्वराच्या नावाने भरावयाची नाही. ख्रिस्ती धर्मात ‘देवाचा पुत्र’ हे पद जे स्थान घेते, नेमक्या त्याच स्थानी कुराणाने ‘मर्यमचा पुत्र’ हे पद बसविले आहे. व्याकरणदृष्ट्या साधी वाटणारी ही षष्ठी धर्मशास्त्रीय मतभेदाचे सारे ओझे वाहते.

मर्यमचे स्थानही असेच विचारात घेण्याजोगे आहे. संपूर्ण कुराणात स्वतःच्या नावाने उल्लेखिलेली ती एकमेव स्त्री आहे. इतर स्त्रिया कोणाची पत्नी, माता वा भगिनी म्हणून येतात. एकोणिसाव्या सूरेला तिचेच नाव आहे. या सूरेतील कथा थोडी तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. मर्यम आपल्या लोकांपासून दूर पूर्वेकडील एका स्थळी एकांतात जाते. तेथे ईश्वराने पाठविलेला आत्मा मनुष्यरूपात तिच्यासमोर येतो आणि पुत्रप्राप्तीचे वर्तमान सांगतो. कोणा पुरुषाचा स्पर्श झालेला नसताना हे कसे घडेल, असे ती विचारते. ईश्वराला हे सोपे आहे, असे उत्तर तिला मिळते. येथपर्यंतची कथा लूकच्या शुभवर्तमानाला जवळची आहे. पुढे मात्र वाट बदलते. लूककडे योसेफ आहे, बेथलेहेम आहे, गव्हाणीत निजविलेले बाळ आणि त्याला पाहण्यास आलेले मेंढपाळ आहेत. कुराणात योसेफ नाहीच. मर्यम एकटीच दूरच्या जागी जाते. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन ती एका खजुरीच्या बुंध्याशी येते आणि याआधीच आपण मेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गारते. तेव्हा खालून आवाज येतो : दुःख करू नकोस, तुझ्या पायांशी झरा आहे, खजुरीचा बुंधा हलव, पिकलेली फळे पडतील. धर्मग्रंथात प्रसूतीच्या वेदनेला आणि त्या क्षणीच्या एकटेपणाला इतकी जागा मिळालेली क्वचितच आढळते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बाळाला घेऊन मर्यम आपल्या लोकांत परत येते. लोक तिच्यावर दोषारोप करतात. तिने त्या दिवशी मौनाचे व्रत घेतले आहे, म्हणून ती केवळ बाळाकडे बोट दाखविते. आणि पाळण्यातले ते मूल बोलू लागते. आईची निर्दोषता सिद्ध करणारे ते बोलणे ज्या वाक्याने सुरू होते, त्यात ते मूल स्वतःला अल्लाहचा ‘अब्द’ म्हणजे दास म्हणविते. लूकच्या कथेत बाळाच्या जन्मापूर्वीच देवदूत त्याला देवाचा पुत्र म्हटले जाईल असे सांगतो. कुराणाच्या कथेत जन्मल्यावर बाळ स्वतःच आपले दास्य घोषित करते.

मग कुमारीजन्माचा अर्थ काय? ख्रिस्ती मतानुसार अनादिकालापासून असणाऱ्या पुत्राने मरियेच्या उदरी मानवी देह धारण केला. कुमारीजन्म हे त्या देहधारणेचे चिन्ह होय. इस्लामी मतानुसार तो ईश्वराच्या निर्मितिसामर्थ्याचा पुरावा आहे. तिसऱ्या सूरेत ईसाची तुलना आदमशी केली आहे. आदमला ईश्वराने मातीतून घडविले आणि ‘हो’ म्हणताच तो झाला. पिता नसल्यामुळे ईसा दैवी ठरत असेल, तर ज्याला पिताही नाही आणि माताही नाही त्या आदमला काय म्हणावयाचे, असा हा युक्तिवाद आहे.

याच ‘हो’ या आज्ञेपाशी ‘शब्द’ या विशेषणाचा उलगडा होतो. योहानच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येणाऱ्या ‘लोगोस’ या ग्रीक पदासाठी मराठी बायबल ‘शब्द’ असेच भाषांतर वापरते. तेथे शब्द हा आरंभापासून देवासह आहे, तो स्वतः देव आहे आणि तोच देही झाला. इ. स. ३२५ मधील निकिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा निर्माण केलेला नसून जन्मलेला आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरविले. कुराणातील ‘कलिमा’ या पदाचे इस्लामी भाष्यकारांनी सामान्यतः केलेले स्पष्टीकरण असे की, ईसा ईश्वराच्या ‘कुन’ म्हणजे ‘हो’ या शब्दाने निर्माण झाला, म्हणून त्याला शब्द म्हटले आहे. एका परंपरेत शब्द म्हणजे तो स्वतः; दुसरीत शब्द म्हणजे त्याच्या निर्मितीचे कारण. ईश्वराचे शाश्वत वचन ही कल्पना इस्लाममध्येही आहे, परंतु सुन्नी पंथाच्या मुख्य प्रवाहाने ती कुराणाशी जोडली आहे. म्हणून या दोन धर्मांची तुलना करताना ख्रिस्तासमोर मुहंमद पैगंबरांना आणि बायबलसमोर कुराणाला ठेवण्याची रूढ पद्धत पुरेशी नाही. ख्रिस्ती श्रद्धेत जे स्थान येशूचे आहे, त्याच्याशी अधिक जवळचे स्थान इस्लाममध्ये कुराणाचे आहे.

मरियेविषयीचा भेदही याच सूत्राने समजतो. इ. स. ४३१ मध्ये इफिस येथील परिषदेने तिला ‘थिओटोकॉस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, हे पद मान्य केले. वस्तुतः हे विधान मरियेपेक्षा तिच्या पुत्राविषयी अधिक आहे. तो देव असेल तर ती देवमाता. कुराण तिला ईश्वराने निवडलेली, शुद्ध केलेली आणि सत्यनिष्ठ म्हणते. पण पाचव्या सूरेत माता आणि पुत्र दोघेही अन्न खात असत, याची आठवणही देते. ज्याला भूक लागते तो ईश्वर नव्हे, असा त्याचा रोख आहे. याच सूरेत, ‘मला आणि माझ्या आईला देव माना’ असे तू लोकांना सांगितलेस काय, असा प्रश्न ईश्वर ईसाला विचारतो आणि ईसा ते नाकारतो. यावरून ख्रिस्ती त्रैक्य म्हणजे पिता, माता आणि पुत्र असा समज काही वाचक करून घेतात. चर्चच्या सिद्धांतात मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्रैक्य आहे; मरियेचा त्यात कधीही समावेश नव्हता. कॅथलिक परंपरा तिच्याकडे मध्यस्थीची याचना करते, प्रोटेस्टंट परंपरा तेही करीत नाही, हाही फरक येथे लक्षात घ्यावा.

सर्वांत खोल मतभेद क्रुसाविषयी आहे. चौथ्या सूरेनुसार ईसाला ठार मारले गेले नाही आणि क्रुसावरही चढविले गेले नाही. लोकांना तसे भासले आणि ईश्वराने त्याला आपल्याकडे उचलून घेतले. ‘भासले’ यासाठी आलेला अरबी शब्दप्रयोग कर्मणी असून संदिग्ध आहे. ईसाचे रूप दुसऱ्या कोणाला दिले गेले आणि तो मनुष्य क्रुसावर गेला, असा अर्थ बहुतेक भाष्यकारांनी लावला. कुराण स्वतः मात्र तसे स्पष्टपणे सांगत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत क्रुसावरील मरण म्हणजे मानवजातीच्या पापाचे प्रायश्चित्त होय. इस्लाममध्ये आदमने पश्चात्ताप केला आणि त्याला क्षमा मिळाली. त्याचे पाप वंशजांकडे आले नाही. जे ऋणच शिल्लक नाही, ते फेडण्यासाठी कोणाच्या बलिदानाचीही गरज उरत नाही. म्हणून क्रुसाचा नकार हा केवळ एका ऐतिहासिक घटनेविषयीचा वाद नाही.

आता घुमटाखालील लेखाकडे पुन्हा वळू. कुराणात पाळण्यातील ईसा, आपण जन्मलो त्या दिवशी, मरू त्या दिवशी आणि पुन्हा जिवंत उठविले जाऊ त्या दिवशी आपल्यावर शांती असो, असे म्हणतो. हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. लेखात तेच तृतीयपुरुषी केले आहे : ‘माझ्यावर’ऐवजी ‘त्याच्यावर’. या एका सर्वनामाच्या बदलाने बाळाचे बोलणे मुस्लिम वाचकाची प्रार्थना बनले आहे. त्यातील ‘मरेल त्या दिवशी’ हे शब्द भाष्यकार बहुधा भविष्याकडे लावतात. हदीसनुसार अंतकाळी ईसा पुन्हा पृथ्वीवर उतरेल, दज्जालचा वध करील आणि इतर माणसांप्रमाणे मृत्यू पावेल. मदिनेत पैगंबरांच्या कबरीजवळ त्याच्या दफनासाठी जागा राखलेली आहे, अशी एक परंपरा सांगितली जाते. जेरुसलेममधील कबर तो उठून गेल्यामुळे रिकामी आहे, असे ख्रिस्ती मानतात. मदिनेतील जागा तो अजून मेलेला नसल्यामुळे रिकामी आहे, असे ती परंपरा मानते.