‘साठ’ की ‘आठ’?

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात एक जागा निघाली आहे आणि बोईसरच्या एका पदविकाधारक तरुणाने अर्ज केला आहे, असे समजू. त्याच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. व्हिडिओ मुलाखतीत प्रश्न येतो, ‘तापमान साठ अंशांवर गेले तर काय कराल?’ त्याला ऐकू येते ‘आठ’. उत्तर चुकते आणि समोरच्यांना वाटते, मुलाला काम येत नाही.

यात दोष ज्ञानाचा नसतो. अंतर्कर्णाच्या बहुतेक बिघाडांत ‘आ’, ‘ओ’सारखे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही उंच पट्टीतली व्यंजने निसटतात. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही. त्यात इंटरनेट अडखळले किंवा बोलणाऱ्याचा चेहरा अंधारात असला, की ओठांवरून अंदाज बांधायची सोयही जाते.

अशा वेळी पडद्यावर उमटणारी अक्षरे, म्हणजेच कॅप्शन, उपयोगी पडतात. गूगल मीटवर उमेदवार स्वतः ‘CC’ बटण दाबू शकतो. झूमवर मात्र ती सोय बैठक घेणाऱ्याच्या खात्यात आधीच सुरू असावी लागते. कॅप्शनची भाषा इंग्रजी ठेवून प्रश्न मराठी-हिंदीत विचारले, तर अक्षरांचा नुसता गोंधळ उमटतो. यासाठी आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्यावी. त्यात आकडे आणि यंत्रांची नावे मोठ्याने वाचावीत. ती चुकीची उमटली, तर प्रत्येक प्रश्न चॅटमध्ये लिहून देण्याची विनंती करावी. कॅप्शन थोडी उशिरा येतात, त्यामुळे उत्तरासाठी थांबायलाही सांगावे.

ऑनलाइन लेखी परीक्षेत अडचण वेगळी असते. श्रवणयंत्र पाहून पर्यवेक्षकाला कानात इअरफोन असल्याची शंका येऊ शकते, म्हणून त्याची नोंद अर्जातच करावी. कान देऊन ऐकण्याने मेंदू लवकर थकतो. त्यामुळे तोंडी सूचना किंवा ध्वनिफीत असलेल्या लांब परीक्षेत विश्रांती मागावी. त्या वेळेत घड्याळ थांबले पाहिजे, नाहीतर विश्रांती वेळच खाते.

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या आणि लेखनिक न घेणाऱ्या उमेदवाराला तीन तासांच्या लेखी परीक्षेत किमान एक तास जादा देता येत असे. त्या हिशेबाने दीड तासाला अर्धा तास होत असे. खासगी कंपनीच्या चाचणीला अशा सूचना आपोआप लागू होत नाहीत. तिथे सवलत मागावी लागते. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करायचे असते. विनंतीत त्याचा उल्लेख करता येतो.

विनंती ईमेलने, तारीख ठरताच करावी. सोबत अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड जोडावे. मुलाखत सुरू झाल्यावर सांगितले, तर झूमच्या खात्यातली ती कळ दाबायला तिथे कुणी नसण्याचीच शक्यता अधिक.