‘किती’ विचारायचं की ‘कसं’?

पवनानगरला धरणग्रस्तांवर प्रबंध करायचा म्हटलं, की समाजकार्याचे विद्यार्थी आधी प्रश्नावली छापून आणतात. माझ्या मते ही घाई आहे.

समजा, प्रश्न आहे: ‘पर्यायी जमीन मिळाली का? हो/नाही.’ एखाद्याच्या नावावर सातबारा झालाय, पण ताबा नाही. दुसऱ्या घरात जमीन थोरल्याच्या नावावर, धाकटा मजुरीला. दोघंही ‘हो’वरच खूण करतील आणि तक्ता खोटं बोलेल.

म्हणून आधी दहा-पंधरा घरी निवांत बसा. ‘गाव उठलं तेव्हापासून सांगा’ एवढंच म्हणा, बायकांशी वेगळं बोला. नवं काही निघेनासं झालं, की थांबा. ही गुणात्मक पद्धत; तिच्यातून ‘ताबा कोणाकडे?’ हा खरा प्रश्न सापडतो. मात्र ‘निम्म्यांना ताबा नाही’ असं त्यावरून लिहिता येणार नाही.

ते लिहायचं तर संख्यात्मक पाहणी हवी. यादीत १००० खातेदार असतील, तर ५ टक्के चूक धरून सुमारे २७८ जण चिठ्ठ्या टाकून निवडावे लागतात. चौकात भेटतील ते चालत नाहीत. शिवाय जुन्या यादीत वाटण्या झालेली घरं नसतात, पिंपरीला गेलेले सापडत नाहीत. हाताशी एकच सत्र असेल, तर मुलाखतींवरच भागवा.