समजून घ्या : हॉटेलखर्चाची मर्यादा महिन्याची नको, आठवड्याची का?

पगार १ तारखेला होतो. भाडे, कर्जाचा हप्ता, किराणा, शाळेची फी यांची रक्कम बाजूला ठेवली जाते आणि उरलेल्यातून 'बाहेरचे खाणे, फिरणे आणि सटरफटर' यासाठी एक आकडा ठरतो. समजा, तो ८ हजार रुपये आहे. बहुतेक घरांत हा आकडा २० तारखेच्या आसपास संपतो. आकडा चुकीचा असतो असे नाही. तो ३० दिवसांसाठी एकदम हातात दिलेला असतो, हीच खरी अडचण आहे.

महिन्याचे गणित कुठे फसते?

पुण्यातल्या एका नोकरदार जोडप्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. २०२६च्या ऑगस्टची १ तारीख शनिवारी येते. नुकताच पगार झालेला, खात्यात पैसे दिसतात. पहिल्या शनिवार-रविवारी सिनेमा आणि जेवण मिळून २,९०० रुपये गेले. पुढच्या आठवड्यात १,९०० आणि १६ तारखेपर्यंत आणखी २,१००. एकूण ६,९००. आता १५ दिवस, त्यात दोन शनिवार-रविवार, आणि हातात १,१०० रुपये.

अशा वेळी 'या महिन्याचे तर गेलेच, पुढच्या महिन्यापासून बघू' असे म्हणून हिशेबच बंद होतो. चूक पहिल्या आठवड्यात झाली, पण ती कळली तिसऱ्या आठवड्यात, आणि सुधारायची संधी मिळणार पुढच्या महिन्यात.

दुसरी गोष्ट, महिने सारखे नसतात. २०२६च्या फेब्रुवारीत शनिवार-रविवार चार वेळा येतात, ऑगस्टमध्ये पाच वेळा. बाहेरचे खाणे सुट्टीच्या दिवशीच जास्त होते. म्हणजे दोन्ही महिन्यांना ८ हजारच दिले तर ऑगस्टमध्ये ते कमी पडणारच. आठवडा मात्र प्रत्येक वेळी तसाच असतो. पाच कामाचे दिवस, एक शनिवार, एक रविवार.

आठवड्याचा आकडा कसा काढायचा?

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे महिन्याच्या रकमेला चारने भागणे. ८ हजारांचे चार भाग केले तर आठवड्याला २ हजार येतात. पण वर्षात ५२ आठवडे असतात, ४८ नाहीत. २ हजार गुणिले ५२ म्हणजे १,०४,००० रुपये. तुमची वर्षाची मर्यादा मात्र ९६,००० होती. न कळत ८ हजार जास्त गेले.

बरोबर पद्धत अशी : महिन्याच्या रकमेला १२ने गुणा आणि ५२ने भागा. ८ हजारांचे १,८४६ रुपये येतात. ते खाली आणून १,८०० धरा. वर्षाचे ९३,६०० होतात आणि २,४०० रुपये शिल्लक राहतात. वाढदिवसाची पार्टी किंवा पाहुण्यांसोबतचे जेवण त्यातून करता येते.

एक सावधगिरी हवी. ज्या महिन्यात पाच सोमवार येतात, त्या महिन्यात पाच वेळा १,८०० म्हणजे ९ हजार लागतात. बाकीच्या महिन्यांत ७,२०० लागतात. म्हणून चार सोमवारांच्या महिन्यात उरलेले ८०० रुपये खर्चून टाकू नका. ते पाच सोमवारांच्या महिन्यासाठी असतात.

या मर्यादेत काय घ्यायचे?

जो खर्च आजच्याऐवजी चार दिवसांनी केला किंवा केलाच नाही तरी घर अडत नाही, तो इथे. हॉटेलातले जेवण, घरपोच मागवलेले पदार्थ, चहा-नाश्ता, सिनेमा, हौसेखातर केलेली रिक्षा, छोटी ऑनलाइन खरेदी. दूध, वीजबिल, गॅस सिलिंडर, महिन्याचा किराणा, औषधे यांना आठवड्याच्या मापात बसवू नका. किराणा एकदम भरला की त्या आठवड्याचा हिशेब कोलमडतो आणि पद्धतच निरुपयोगी वाटू लागते.

आठवडा कोणत्या दिवशी सुरू करावा?

सुट्टीच्या दिवशी जास्त खर्च होत असेल तर सोमवारी. त्याच जोडप्याचा एक आठवडा पाहू. सोमवारी १,८०० रुपये. गुरुवारपर्यंत चहा-नाश्त्याला २४०, बुधवारी घरी मागवलेल्या जेवणाला ४२० आणि रिक्षाला १८० रुपये गेले. शुक्रवारी सकाळी ९६० शिल्लक. शनिवारी दोघांच्या जेवणाचे बिल साधारण १,१५० होणार, हे त्यांना माहीत आहे. म्हणजे प्रश्न फक्त १९० रुपयांचा आहे. एखादे स्टार्टर कमी करायचे, की पुढच्या आठवड्यातून १९० वळते करून १,६१० वर भागवायचे, एवढेच ठरवायचे आहे.

आठवडा शनिवारी सुरू केला तर उलटे होते. दोन दिवसांत बहुतेक पैसे संपतात आणि पुढचे पाच दिवस ओढाताण होते.

पैसे वेगळे कसे ठेवायचे?

दुसरे बचत खाते असेल तर दर सोमवारी पगाराच्या खात्यातून १,८०० रुपये तिकडे आपोआप जातील, अशी स्थायी सूचना बँकेच्या ॲपमधून देता येते का ते पाहा. हॉटेलचे बिल देताना यूपीआय ॲपमध्ये तेच खाते निवडायचे. शिल्लक रक्कम हाच तुमचा हिशेब. त्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते का, हे आधी तपासा.

यूपीआय लाइटही चालते, पण त्यात एका वेळी १ हजार रुपयांपर्यंतच पैसे देता येतात आणि एकूण ५ हजारांपर्यंतच रक्कम ठेवता येते. त्यामुळे वरचे १,१५० रुपयांचे बिल त्यातून भरता येणार नाही, ते मुख्य खात्यातून जाईल. चहा-नाश्ता, रिक्षा यासाठी ते सोयीचे आहे. मात्र पैसे आपोआप भरण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर मर्यादा उरणारच नाही.

क्रेडिट कार्ड वापरत असाल तर बिल येईल त्या दिवशी नव्हे, कार्ड वापरले त्या दिवशी खर्च धरा. तेवढी रक्कम त्याच दिवशी दुसऱ्या खात्यातून परत पगाराच्या खात्यात टाकली, तर बिल भरायला पैसे तयार असतात.

मर्यादा ओलांडली तर?

जास्त गेलेली रक्कम फक्त पुढच्या एका आठवड्यातून वळती करा. पैसे उरले तर ते पुढे ढकलत साठवू नका, रविवारी रात्री बचतीत टाका. नाहीतर तीन आठवड्यांची शिल्लक एका मॉलच्या फेरीत जाते आणि आपण पुन्हा महिन्याच्या हिशेबावर येतो.

सलग तीन आठवडे आकडा ओलांडला जात असेल तर हिशेब तपासा. एक तर मर्यादा तुमच्या खऱ्या सवयीपेक्षा फारच कमी आहे, किंवा ऑफिसच्या दिवसाचे रोजचे जेवण यांसारखा न टळणारा खर्च त्यात शिरला आहे. असा खर्च बाहेर काढून त्याची वेगळी तरतूद करा.

आणि भाडे, हप्ते भरल्यावर हातात काही उरतच नसेल, तर ही पद्धत कामाची नाही. तिथे हॉटेलचे बिल नव्हे, हप्त्यांची यादी आधी उघडावी लागते.