पडक्या विहिरीतली 'ती'

मोट कधीच बंद पडलेली, थारोळ्याचे दगड निखळलेले, काठावर पिंपळ उगवलेला. अशी एक विहीर देशावरच्या बऱ्याच गावांत असते आणि तिची गोष्टही थोड्याफार फरकानं तीच असते. सासरच्या जाचाला कंटाळून एका सासुरवाशिणीनं तिथं जीव दिला. अवसेच्या रात्री त्या वाटेनं गेलं, की आत घागर बुडाल्याचा आवाज येतो. बाई दिसत नाही. ऐकणाऱ्यानं मागं वळायचं नाही आणि घरी आल्यावर पाय धुऊन मगच उंबरा ओलांडायचा. सांगणारी म्हातारी तिचं नाव घेत नाही, नुसतं 'ती' म्हणते. उलट्या पावलांच्या हडळीचं वर्णन करणाऱ्या गोष्टींपेक्षा मला ही जास्त खरी वाटते.

लोकसमजुतीत पाण्याची मालकी भुतांची नाही, साती आसरांची. विहिरीजवळ शेंदूर फासलेले सात दगड दिसतात, ते त्यांचं ठाणं. तिथं खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. विहीर वापरात असेतो हे चालू राहतं. ती ओस पडली की पूजा थांबते, आणि आसरा कोपल्या असं लोक म्हणू लागतात.

गोष्टीचा दुसरा भाग इथून सुरू होतो. पुढं दुष्काळात गाळ काढायला एक गडी उतरला, तो वर आला नाही. त्याला बघायला भाऊ उतरला, तोही गेला. अंगावर खूण नाही, पाणी तर गुडघाभर. 'तिनं ओढलं,' असं गाव म्हणतं.

अशी मरणं खरोखर घडतात. बंद विहिरीत पालापाचोळा कुजतो, त्यात प्राणवायू खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, वारा नसला की तळाशी साचून राहतो. उतरणाऱ्याला काही कळायच्या आत भोवळ येते, तो पाण्यात कोसळतो. वरच्याला वाटतं पाय घसरला, म्हणून तो धावत खाली जातो. म्हणून जुने जाणकार उतरण्याआधी दोरानं पेटता कंदील तळापर्यंत सोडत. विझला तर कुणी उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही, कारण विषारी वायूची थोडी मात्रा ज्योतीला कळत नाही. ज्वालाग्राही वायू साचला असेल तर कंदिलानंच भडका उडतो. आज वायुमापक यंत्र लावून, बाहेरची हवा आत सोडून, कमरेला दोर बांधूनच उतरायला हवं.

हा खुलासा त्या दोघा भावांना पुरतो, सासुरवाशिणीला पुरत नाही. तिला विहिरीपर्यंत कुणी नेलं, हे गावाला ठाऊक असतं आणि गोष्टीत ते कधीच येत नाही. नवरा, सासू, दीर यांच्यातल्या कुणाच्या मागं ती लागली, असंही कुणी सांगत नाही. ती लागते वाटसरूला.