दोरीवरचा ताण किती?

खडबडीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी कडेच्या कप्पीवरून खाली सोडली आहे आणि तिच्या टोकाला २ किलोचं वजन लटकतं. हात सोडला की दोरीवर ताण किती? बहुतेक जण सांगतात, लटकत्या वजनाइतकाच, म्हणजे २० न्यूटन. इथेच गणित चुकतं.

गुरुत्व त्वरण १० धरू आणि घर्षण गुणांक ०.२. टेबल ठोकळ्याला ३० न्यूटनने वर रेटतं, म्हणून घर्षण ६ न्यूटन. खालची ओढ २० न्यूटन. उरलेले १४ न्यूटन दोन्ही वस्तूंना, म्हणजे ५ किलोला, एकत्र पळवतात. त्वरण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता फक्त लटकतं वजन पाहा. ते २.८ त्वरणाने खाली येतं, त्यासाठी ५.६ न्यूटन खर्ची पडतात. दोरीच्या वाट्याला उरतात १४.४. ताळा ठोकळ्यावरून करा: घर्षणाचे ६ आणि त्वरणाचे ८.४, बेरीज तीच. वजन वाढत्या वेगाने खाली जात असेल, तर ताण त्याच्या भारापेक्षा कमीच हवा.

लटकतं वजन अर्धा किलोच असेल तर? ओढ ५ न्यूटन, घर्षणाची मर्यादा ६. सूत्रात आकडे घातले तर त्वरण उणे येतं, पण ठोकळा मागे सरकत नाही. तो जागचा हलत नाही. घर्षणही ५ आणि ताणही ५.

हे सारं हलकी, न ताणणारी दोरी आणि हलकी, घर्षणरहित कप्पी गृहीत धरून. म्हणून सूत्राला हात घालण्याआधी ठोकळा हलतो का, ते तपासा.