पट्ट्या पुसा, ठिपके ठेवा

2011च्या जनगणनेत हिमाचलची साक्षरता 82.8 टक्के होती, महाराष्ट्राची 82.3. पस्तीस राज्ये-केंद्रशासित प्रदेशांचा असा क्रम आपण सवयीने स्तंभालेखात मांडतो. पट्टी पंधरा सेंटिमीटरची असेल, तर या दोघांतला फरक एक मिलिमीटरही भरत नाही. उरते ती पस्तीस जाड पट्ट्यांची भिंत.

मग पट्टी 60पासून सुरू करावी का? तिथेच फसगत होते. स्तंभात डोळा लांबी मोजतो. बिहार 61.8 आणि केरळ 94. प्रत्यक्षात केरळ दीडपट, पण कापलेल्या स्तंभात सुमारे एकोणीसपट दिसेल!

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड यांनी 1980च्या दशकात ठिपकालेखाचा पुरस्कार केला. त्यात प्रत्येक राज्याची एक ओळ आणि तिच्यावर एकच ठिपका. डोळा लांबी नव्हे, जागा पाहतो. म्हणून पट्टी 60 ते 95 ठेवली तरी चालते. हिमाचल-महाराष्ट्र आता दोन मिलिमीटर दूर, म्हणजे निदान दिसण्याइतके.

राज्ये मात्र अकारविल्हे नव्हे, आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावा. पट्टी कुठून सुरू होते तेही ठळक लिहा. आणि पाच-सहाच नावे असतील, तर साधा स्तंभालेख पुरतो.